भांडण कच्च्या फेरीत

"काल तुमच्याकडे भांडण झालं नाही का गं?"

सकाळी तगरीची फुलं काढायला मी कुंपणाशी गेले, तर शेजारच्या काकूंनी तारेवर हात टेकून पहिला प्रश्न हाच विचारला. आवाजात काळजी होती म्हणावी, तर थोडी निराशाही होती. गेल्या कोजागिरीला आमच्या गच्चीवरून जो आवाज खाली येत होता, तो त्यांनी खिडकी उघडी ठेवून रात्री अकरापर्यंत ऐकला होता. यंदा नुसतं हसणंच ऐकू आलं म्हटल्यावर त्यांना करमणार कसं?

"नाही झालं," मी म्हटलं. "म्हणजे झालं, पण आधीच उरकून घेतलं."

"म्हणजे काय?"

"सांगते. पण गेल्या वर्षीचं तुम्हाला नीट ठाऊक आहे का?"

"हापूसवरून झालं एवढं कळलं. पुढचं दुधाच्या पातेल्याच्या आवाजात गेलं."

मग मी फुलांची परडी खाली ठेवली आणि गेल्या वर्षीपासून सुरुवात केली.

आमच्याकडे कोजागिरीला सगळे जमतात. थोरले दीर, म्हणजे दादाभाऊजी आणि जाऊबाई पुण्याहून, नणंदबाई बंगळुरूहून. तिकडे शाळांना दसऱ्याची सुट्टी असते, त्यामुळे वन्संच्या पोराचं जमून जातं. दूध आटेपर्यंत गच्चीवर चटया टाकून नाव-गाव-फळ-फूल खेळायचं, हे सासऱ्यांच्या वेळेपासूनचं. गेल्या वर्षी शेवटचं अक्षर निघालं ह. वन्संनी फळाच्या रकान्यात लिहिलं हापूस. दादाभाऊजी म्हणाले, हापूस ही जात झाली, फळ आंबा, आणि आंबा आ मध्ये येतो. वन्सं म्हणाल्या, तुम्ही बाजारात जाऊन आंबा द्या म्हणता की हापूस द्या म्हणता? इथवर ठीक होतं. पुढे त्या म्हणाल्या, "हापूस कशाला म्हणायचं ते तुम्हाला जास्त कळणारच. कोकणातल्या बागेच्या चार पेट्या पुण्याला उतरतात, आमच्याकडे एक येते, तीही दबलेली." झालं. दहा गुणांचं बोलणं वाटणीवर गेलं. दूध खाली लागलं. दादाभाऊजी दूध न पिताच झोपायला गेले, आणि जळक्या दुधाचं पातेलं मी दुसऱ्या दिवशी राखेनं घासलं.

"हनुमानफळ लिहायचं की," काकू म्हणाल्या. "वादच नको."

"ते तुम्हाला आज सुचलं. आम्हाला सगळ्यांना झोपताना सुचलं होतं."

तर यंदा मी ठरवलं, खेळ सुरू व्हायच्या आधी आपण उभं राहून चार शब्द बोलायचे. घर माझं, गच्ची माझी, दूध माझं, तेव्हा बोलायचा अधिकारही माझा. आठ दिवस आधी वहीत भाषण लिहून काढलं. तेवीस नियम झाले. लेकाला वाचून दाखवलं तर सातव्या नियमाला तो मोबाइल बघायला लागला. तेव्हा लक्षात आलं की तेवीस नियम सांगितले तर भांडणं तेवीसच होतील, कारण प्रत्येकाला एकेक नियम चुकीचा वाटणार. मग खोडत बसले. उरलं ते तीन मिनिटांचं.

"म्हणून दाखव," काकू म्हणाल्या.

"इथं? दूधवाला ऐकेल."

"ऐकू दे. त्याच्याही घरी नणंद आहे."

म्हणून मग परडी हातात घेऊन, काल गच्चीवर उभी होते तशीच उभी राहिले आणि म्हटलं:

"दूध आटायला अजून दीड तास आहे, तोवर नाव-गाव-फळ-फूल. मी तीन मिनिटं बोलणार आहे, घड्याळ आईंच्या हातात आहे. रकाने पाच: नाव, गाव, फळ, फूल, वस्तू. सिनेमा यंदा नाही, कारण आपल्या घरात एका माणसाला रंगीत सिनेमा मान्य नाही आणि मुलांना दुसरा माहीत नाही. खेळायचं जोडीनं. जोड्या मी लावल्यात, एक मोठं आणि एक लहान, नवरा-बायको एका जोडीत नाहीत. लिहायचं लहानानं.

"अक्षर या डब्यातून निघेल. निघालेल्या अक्षराची अख्खी बाराखडी चालेल. जोडाक्षर असेल तर त्यातलं पहिलं अक्षर धरायचं, म्हणजे श्रीवर्धन श मध्ये. ह्रस्व-दीर्घ चुकलं तर गुण जात नाहीत. ज्या जोडीचं आधी पूर्ण होईल तिनं 'झालं' म्हणायचं. मग आई जपमाळेचे वीस मणी ओढतील, आणि विसाव्या मण्याला पेनं खाली.

"उत्तर एकाच जोडीचं असेल तर दहा गुण. दोन किंवा जास्त जोड्यांचं सारखं असेल तर प्रत्येकीला पाच. रिकामं शून्य. सारखं म्हणजे चीज सारखी, नुसता शब्द नव्हे. एकानं पारिजातक लिहिलं आणि दुसऱ्यानं प्राजक्त, तरी झाड एकच, पाच-पाच. एकानं अहमदनगर लिहिलं आणि दुसऱ्यानं अहिल्यानगर, तरी एसटी एकाच स्टँडात थांबते, पाच-पाच.

"कुणाचं उत्तर पटलं नाही तर 'हरकत' एवढा एकच शब्द बोलायचा. ज्यांचं उत्तर आहे त्यांनी एक वाक्य बोलायचं. मग आई निकाल देतील. आई खेळत नाहीत, त्यामुळे त्यांना कुणाचं भलं करायचं नाही. हरकत शब्दावर घ्यायची, माणसावर नाही. खेळ चालू असताना जो कुणी जमीन, आंबे, लग्नातला मानपान किंवा कुणाची नोकरी यांतलं काही काढेल, त्याची जोडी शेवटी दुधाचं पातेलं घासेल. पातेलं मोठं आहे, आणि गेल्या वर्षी ते मी एकटीनं घासलंय.

"शेवटचं. पहिली फेरी कच्ची. तिचे गुण मांडायचे, पण धरायचे नाहीत. तेव्हा ज्याला जी शंका काढायची असेल ती याच फेरीत काढा. डबा उघडते."

काकूंनी तारेवरून टाळी वाजवली. दूधवाला खरंच थांबला होता. त्यानं लिटर मोजलं आणि काही न बोलता गेला.

"जपमाळ कशाला गं?" काकूंनी विचारलं. "घड्याळ होतं की."

त्याचं असं आहे. नेहमीच्या पद्धतीत ज्याचं आधी होतं तो 'स्टॉप' म्हणतो आणि सगळ्यांची पेनं जागच्या जागी थांबतात. त्यात आमचा लेक पंधरा सेकंदांत पाच रकाने भरतो आणि सासूबाई काय, जाऊबाईंचे सुद्धा तीन रकाने कोरे राहतात. मग खेळ शब्दांचा राहत नाही, हात किती भरभर चालतो त्याचा होतो. घड्याळ लावून दोन मिनिटं सगळ्यांना द्यावीत, तर लवकर झालेली पोरं उरलेल्या वेळात दुसऱ्याच्या कागदात डोकावतात. 'झालं' आणि मग वीस मणी, यात चलाखीला मान राहतो आणि हळू लिहिणाऱ्याला वेळ मिळतो. शिवाय मणी सासूबाईंच्या हातात. एखादं पोर अजून लिहीत असलं की पंधरावा मणी ते सोळावा मणी यात बरंच अंतर पडतं, ते सगळ्यांना दिसतं आणि त्यावर कुणी हरकत घेत नाही.

"आणि डबा? आम्ही तर मनात क-ख-ग म्हणायचो आणि समोरच्यानं बस म्हटलं की ते अक्षर."

"तसंच खेळायचो. पण दादाभाऊजी मनात म्हणायला बसले की दर वेळी स निघायचं. स ला सातारा, सांगली, सोलापूर, सीताफळ, सफरचंद, सदाफुली, सगळं हाताशी. म्हणून यंदा चिठ्ठ्या."

चिठ्ठ्या मी एकटीनं दुपारी बसून केल्या, आणि त्यात जेवढं डोकं गेलं तेवढं भाषणातही गेलं नाही. ङ, ञ, ण, ळ यांनी शब्दच सुरू होत नाही, त्यांना डब्यात जागा नाही. बाकीच्या प्रत्येक अक्षराचे पाचही रकाने आधी स्वतः भरून पाहिले. एक रकाना रिकामा राहिला तर चिठ्ठी चालेल, तेवढी अडचण हवीच. दोन राहिले तर बाद. ठ ला ठाणे आहे, ठसा आहे, पण फळ नाही आणि फूलही नाही. ढ, थ, य यांचीही तीच गत. फ ला फणस आहे, फलटण आहे, फुलावर गाडी अडते, तरी ठेवलं. क्ष आणि ज्ञ ठेवले नाहीत. क्ष निघालं तर आमच्याकडे तीन जण क्षमा लिहितील आणि बाकीचे चार रकाने बघत बसतील.

"पण मूळ गोष्ट वेगळीच आहे," मी आवाज खाली आणला. "कुणाला सांगणार नाही ना?"

काकूंनी गळ्याला हात लावला. त्यांच्या गळ्याच्या शपथा वर्षाला शंभर होतात, तरी सांगितलं.

"कच्च्या फेरीची चिठ्ठी मी आधीच मुठीत धरली होती. डब्यात हात घातला आणि तीच बाहेर काढली. द."

"द च का?"

"कारण सगळी भांडणं द मध्ये आहेत."

काकूंना ते लगेच कळेना, म्हणून मी त्यांना कालची फेरीच सांगितली. पाठकोरे कागद होते, ते मी आज सकाळी रद्दीत टाकायच्या आधी घडी करून पदरालाच खोचले होते. तेच तारेवर पसरले.

पहिली जोडी दादाभाऊजी आणि माझा लेक. दिगंबर, दौंड, द्राक्ष, फूल कोरं, दार. दुसरी जोडी वन्सं आणि जाऊबाईंचा मोठा मुलगा. दिगंबर, दादर, फळ कोरं, फूल कोरं, आणि वस्तूत त्यानं लिहिलं होतं, देव. तिसरी जोडी आमचे हे आणि जाऊबाईंची मुलगी. दत्ता, दापोली, द्राक्ष, दुपारी, दोरी. चौथी जोडी जाऊबाई आणि वन्संचा मुलगा, बंगळुरूचा. तो बोलतो छान मराठी, पण लिहितो रोमनमध्ये. त्याच्या कागदावर होतं: दीपिका, दिल्ली, फळाला Dalimb, फुलाला Dahlia, वस्तूला दिवा.

"हरकत," दादाभाऊजी म्हणाले, अगदी माझी वाट बघत होते तसे. डाळिंब ड मध्ये येतं, द मध्ये नाही.

आता पोराची बाजू बघा. त्याच्या लिपीत द आणि ड दोन्हींना एकच डी. त ला आणि ट ला एकच टी. त्याला अक्षर ऐकू येतं बरोबर, पण डोक्यात शब्द शोधताना तो डी च्या कप्प्यात हात घालतो, आणि त्या कप्प्यात दगड आणि डबा एकत्र पडलेले असतात. हे मला आधी ठाऊक होतं, म्हणून तर द काढलं. ही गोष्ट पाचव्या फेरीत, गुण तोडीस तोड असताना बाहेर आली असती तर 'तुम्ही पोराला मराठी शिकवलं नाहीत' इथपासून सुरुवात झाली असती आणि शेवट कुठं झाला असता ते सांगायला नको. कच्च्या फेरीत कुणाचंच काही जात नव्हतं.

तो पोरगा त्याचं एक वाक्य बोलला: "आजी दाळिंबच म्हणते."

आणि म्हणतात हो सासूबाई. दाळिंब सोलून दे गं, असंच म्हणतात. त्यांनी मणी थांबवला आणि निकाल दिला: संस्कृतात दाडिम आहे, आमच्या घरी दाळिंब आहे, दहा गुण. पण डेलियाला आमच्या घरी कुणी देलिया म्हणत नाही, तिथं शून्य. आणि यापुढे नियम असा की तो लिहील रोमनमध्ये, पण उत्तर तोंडानं म्हणायचं, आणि तोंडातून जे अक्षर बाहेर पडेल ते धरायचं. हा नियम माझ्या भाषणात नव्हता. मला तो इतका नेमका करताही आला नसता.

"मग द्राक्ष?" काकूंनी विचारलं.

द्राक्षावर जाऊबाईंनी हरकत घेतली की द्र म्हणजे द नव्हे. मी भाषणात सांगितलं होतं तरी घेतली, कारण श्रीवर्धनचं उदाहरण त्यांना आपलं वाटलं नव्हतं. शब्दकोशात द्राक्ष द च्याच पानांवर येतं, शेवटी शेवटी. सासूबाईंनी तेवढंच सांगितलं आणि ते मिटलं. दोन जोड्यांचं द्राक्ष, पाच-पाच.

दादरला आमच्या ह्यांनी हरकत घेतली की ते गाव नाही, मुंबईतला भाग आहे. वन्संचं वाक्य: "गाडी तिथं थांबते." सासूबाईंनी विचार केला आणि म्हणाल्या, जिथलं रेल्वेचं नाहीतर एसटीचं तिकीट फाडून मिळतं ते गाव. दहा. इतका सोपा नियम मी तेवीस नियमांतही लिहिला नव्हता. मी 'गाव म्हणजे ग्रामपंचायत, नगरपालिका किंवा महानगरपालिका असलेले ठिकाण' असं काहीतरी लिहून खोडलं होतं.

आणि देव. वस्तूच्या रकान्यात देव.

गच्चीवर एकदम शांतता झाली. जाऊबाई लेकाकडे डोळे वटारून बघत होत्या. हरकत कुणी म्हणेना, कारण हरकत घ्यावी तर काय म्हणून घ्यायची? शेवटी सासूबाईच म्हणाल्या, "पितळेचे आहेत. दसऱ्याला चिंचेनं घासून मीच चकचकीत केले. वस्तू नाहीत तर काय? दहा दे." तो पोरगा इतका हसला की त्याच्या हातातलं पेन कठड्यावरून खाली पडलं. ते तुमच्या बाजूला पडलंय बहुतेक, बघा जरा.

काकूंनी पायानं गवत चाळवलं. "आणि हे दुपारी काय आहे? फुलाच्या रकान्यात दुपारी?"

"तिथंच खरी मजा झाली."

जाऊबाईंच्या मुलीनं ह्यांचं ऐकून दुपारी लिहिलं होतं. बाकीच्या तिन्ही जोड्या एका सुरात हरकत म्हणाल्या. दुपारी ही वेळ आहे, फूल नाही. आमच्या ह्यांचं वाक्य ठरलेलं होतं: "लाल असतं, दुपारी फुलतं." पोरं हसायला लागली, म्हणे मग सकाळी नावाचंही फूल असेल. सासूबाई मात्र हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, आहे दुपारी. आमच्या माहेरी परसात होती. दुपारच्या सुमाराला उमलते आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत अख्खं फूल गळून पडतं. पाकळी पाकळी नाही, अख्खं. दहा गुण.

मग बेरीज मांडली. नावात दोन दिगंबर, म्हणून दोघांना पाच-पाच. दादाभाऊजींची जोडी: पाच, दहा, पाच, शून्य, दहा, तीस. वन्संची: पाच, दहा, शून्य, शून्य, आणि देवाचे दहा, पंचवीस. आमच्या ह्यांची: दहा, दहा, पाच, दहा, दहा, पंचेचाळीस. जाऊबाई आणि बंगळुरू: दहा, दहा, दहा, शून्य, दहा, चाळीस. हे लगेच म्हणाले, कच्ची फेरी धरूया की, सगळे मनापासून खेळलेत. मी पातेल्याकडे बोट दाखवलं.

आणि बेरीज मोठ्यानं वाचताना पोरांना एक गोष्ट आपोआप कळली, जी सांगून कळली नसती. पहिला सुचलेला शब्द लिहायचा नाही. दिगंबर तुम्हाला पटकन सुचला, म्हणजे तो समोरच्यालाही सुचलाय. दहा मिळवायचे तर पहिला शब्द गिळायचा, दुसराही गिळायचा आणि तिसरा लिहायचा, आणि तेही वीस मण्यांच्या आत. पुढच्या फेरीत ज निघालं तेव्हा चारांपैकी एकानंही जळगाव लिहिलं नाही. जेजुरी, जत, जव्हार, जालना. फुलात जाई कुणी लिहिली नाही, सगळे जरबेऱ्याकडे धावले आणि सगळ्यांना पाच-पाच मिळाले.

"म्हणजे पुढे काहीच गडबड झाली नाही?" काकूंचा स्वर पुन्हा उतरला.

झाली ना. माझ्याच भाषणातली एक फट निघाली. जोडीनं खेळायचं म्हटल्यावर माणसं कुजबुजणार. म निघालं तेव्हा वन्सं भाच्याच्या कानात "मालवण" म्हणाल्या. वन्संची कुजबुज तुम्हाला ठाऊक आहे, इथवर येते. दादाभाऊजींनी आपल्या कागदावर मिरज खोडून मालवण लिहायला लावलं. आता हिशेब करा. मिरज आणखी एका जोडीनं लिहिलं होतं, म्हणजे त्यांना पाचच मिळणार होते. मालवण चोरलं तरी पाचच, पण वन्संचे दहाचे पाच होणार. स्वतःचं काही न गमावता दुसऱ्याचे पाच कापता येतात, असा हा गुण मोजायच्या पद्धतीतलाच दोष आहे, आणि तो आमच्या घरात सगळ्यात आधी कुणाला दिसणार ते उघड होतं.

वन्सं उठून उभ्या राहिल्या. मला वाटलं, आली कोकणची बाग. पण त्यांनी तोंड उघडलं, पातेल्याकडे बघितलं आणि एकच शब्द म्हणाल्या, "हरकत." दादाभाऊजींनाही एकच वाक्य होतं. त्यांनी ते बराच वेळ शोधलं आणि मग म्हणाले, "ऐकू आलं." सगळी गच्ची हसली, ते स्वतःही हसले. सासूबाईंनी दोघांनाही दहा-दहा दिले आणि फर्मान काढलं की यापुढे जोडीत बोलायचं नाही, मोठ्यानं कागदाच्या कडेला बारीक अक्षरात सुचवायचं आणि लहानानं त्यातलं निवडायचं. तिथून पुढं गच्चीवर इतकी शांतता झाली की दूध फुगल्याचा आवाज वेळेवर ऐकू आला.

आठ अक्षरं झाली. जिंकली वन्संची जोडी, अवघ्या दहा गुणांनी. देव घासायचं काम पुढच्या दसऱ्याला त्या पोरावर टाकायचं असं ठरलं. दादाभाऊजींनी दूध दोनदा घेतलं. पातेलं मीच घासलं, कारण नियम कुणी मोडलाच नाही, पण यंदा ते जळलेलं नव्हतं, त्यामुळे राख लागली नाही.

"पुढच्या वर्षी मला बोलाव," काकू म्हणाल्या. "पंच म्हणून नाही, खेळायला. मला ठ ला फूल सुचेल."

"नाही सुचणार. मी दुपारभर शोधलंय."

काकू वाकल्या आणि गवतातून पेन उचलून माझ्या हातात दिलं. निळं, टोपण नसलेलं. ते घेताना माझं लक्ष त्यांच्या बाजूच्या खांबाशी गेलं. कमरेएवढं सरळ वाढलेलं रोप, लांबट दातेरी पानं, बुडाशी ओल्या मातीत दोन लाल फुलं अख्खीच्या अख्खी पडलेली.

"काकू, ही तुमची दुपारीच आहे ना?"

"मग काय. दर पावसाळ्यात आपोआप उगवते. तुझ्या सासूनंच तर बी दिलं होतं."

म्हणजे काल सासूबाई माहेरच्या परसातलं म्हणून सांगत होत्या, ते हाताच्या अंतरावर होतं. वरच्या शेंड्याला दोन कळ्या अजून मिटलेल्या आहेत. वन्संची बंगळुरूची गाडी चारची आहे. काकू, साडेबाराला फाटक उघडं ठेवा, सगळ्यांना घेऊन येते.